कोल्हापुरी चप्पलचं पार्सल: गिऱ्हाईकानं आपणहून फोटो टाकावा म्हणून पॅकिंग कसं करायचं

आधी आमचं काय चुकलं ते सांगतो. मी आणि वहिनी मिळून घरातूनच ऑनलाईन चप्पल विकतो, ऑर्डरी आणि फोनवरचं बोलणं वहिनीकडं, पॅकिंग आणि कुरिअर माझ्याकडं. सुरुवातीला हौसेनं एकदम झकपक खोकं छापून घेतलं, चकचकीत लॅमिनेशन, सोनेरी नाव, आत कागदाचा चुरा, वासाची पुडी, थँक्यू कार्ड आणि वर एक चॉकलेट. फोटो काय आले नाहीत. जो पहिला आला तो उन्हाळ्यात चॉकलेट वितळून पट्ट्याला चिकटलेला, खाली "हे काय आहे?" एवढंच लिहिलेलं.

मग लोक खरंच कशाचा फोटो काढतात ते बघायला लागलो. चप्पलच्या बाबतीत उत्तर सोपं निघालं, लोक खोक्याचा फोटो काढत नाहीत, पायाचा काढतात. घरात पसारा असतो, केस विंचरलेले नसतात, बऱ्याच बायकांना स्टेटसला चेहरा टाकायचाच नसतो, पण नवी चप्पल घालून वरनं खाली पायाचा फोटो काढायला कुणाची हरकत नसते. त्यामुळं खोक्याचं काम एवढंच, की माणूस चिडचिड न होता, हात घाण न होता, उघडल्यापासनं पायात घालेपर्यंत पोचला पाहिजे आणि वाटेत एक जागा अशी पाहिजे जिथं हात आपोआप मोबाईलकडं जाईल. एकच जागा. पाच जागा केल्या की एकाही ठिकाणी थांबत नाहीत, हे आम्ही पैसे घालवून शिकलोय.

खाली सगळं चप्पलच्या हिशोबानं लिहितोय. साज, गूळ, मसाला विकणाऱ्यांचं गणित वेगळं आहे.

पत्त्याचं लेबल खोक्यावर नको

सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच आणि बहुतेक जण हीच करत नाहीत. खोक्यावर कुरिअरचं लेबल चिकटवलं की त्यावर गिऱ्हाईकाचं नाव, घरचा पत्ता, मोबाईल नंबर सगळं उघडं असतं. कुणीही शहाणा माणूस ते स्टेटसला टाकणार नाही. काही जण नखानं लेबल खरवडतात, पुठ्ठा फाटतो, मग तो फोटोही बाद.

म्हणून खोकं आत आणि बाहेरनं कुरिअरची प्लास्टिक पिशवी, लेबल फक्त पिशवीवर. पिशवी फाडली की आतनं स्वच्छ खोकं. बिलसुद्धा पिशवी आणि खोक्याच्या मधल्या जागेत टाकायचं, खोक्यात नाही. भेट म्हणून पाठवलेली चप्पल असली तर किंमत दिसत नाही हा वरचा फायदा. एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, तक्रारीचा नंबर हे पॅकेटवर लिहिणं कायद्यानं लागतं, ते टाळायचं नाही, फक्त तो स्टिकर खोक्याच्या खालच्या बाजूला लावायचा, झाकणावर नाही.

खोक्याचं माप, इथं पैसे वाचतात

लोक बाजारात मिळेल ते बुटाचं खोकं घेतात, साधारण 33 बाय 22 बाय 12 सेंटीमीटरचं. आता कुरिअरवाला वजन दोन तऱ्हेनं बघतो, काट्यावरचं आणि मापावरचं, आणि जे जास्त त्याचे पैसे लावतो. मापावरचं म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले 5000 (काही कंपन्या याच्यापेक्षा लहान आकड्यानं भागतात, तुमच्या माणसाला विचारा). वरच्या खोक्याचं होतं 8712, भागिले 5000 म्हणजे 1.74 किलो. अर्धा-अर्धा किलोचे टप्पे असतील तर 2 किलोचे पैसे बसले. आणि आत चप्पल किती, तर पाऊण किलो!

आता चप्पल उलटसुलट ठेवा, म्हणजे एकीचा पंजा दुसरीच्या टाचेशेजारी. पंजाकडं चप्पल 10-11 सेंटीमीटर रुंद असली तरी टाचेकडं 7 च असते, त्यामुळं दोन्ही मिळून 18 मध्ये बसतात. बाहेरनं 30 बाय 19 बाय 8.5 चं खोकं पुरतं. गुणाकार 4845, म्हणजे 0.97 किलो. चप्पल, खोकं, कागद धरून काट्यावर 930 ग्रॅमच्या आसपास आलं की 1 किलोच्या टप्प्यात पार्सल गेलं. जो फरक राहिला तो कागदाला आणि कार्डाला वापरा, मग खर्च वाढतच नाही.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बॉक्सवाला आतलं माप विचारतो आणि कुरिअरवाला बाहेरचं मोजतो, थ्री प्लायमध्ये, म्हणजे तीन थरांच्या पुठ्ठ्यात, दोन्ही भिंती मिळून अर्धा-पाऊण सेंटीमीटर वाढतं, त्यामुळं ऑर्डर देताना "आतलं का बाहेरलं" हे लिहून घ्या नाहीतर काठावर असलेलं पार्सल पुढच्या टप्प्यात जातं. दुसरं, हे खोकं 8 नंबरपर्यंतच चालतं. 9 पासनं वरच्या चपलांना लांब खोकं वेगळं करा, उगं एकात कोंबू नका, चपलेच्या बाजूचा कान दुमडतो आणि दुमडलेला कान फोटोत लगेच दिसतो.

थ्री प्लाय पुरतं, चप्पल काय काचेची नाही. कोल्हापूरजवळ शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या बाजूला खोकी करणारे आहेत, पण स्वतःच्या मापाचं, झाकण मागं उघडणारं खोकं पाहिजे तर डायचे, म्हणजे पुठ्ठा कापायच्या साच्याचे, पैसे एकदा वेगळे द्यावे लागतात आणि कमीत कमी नग किती ते आधी विचारा. सुरुवातीला छपाई करूच नका. साधं खोकं आणि एक चांगला रबरी शिक्का. हातानं मारलेला शिक्का थोडा वाकडा बसतो, हातानं शिवलेल्या चपलेला ते शोभतं.

उघडताना सुरी लागू नये

पार्सल घेतलेला माणूस दारात उभा असतो, हातात गाडीची किल्ली असते. चारी बाजूनं टेप गुंडाळली तर तो किल्लीनं टराटरा फाडणार, आणि किल्ली आत गेली की चपलेला ओरखडा. मग फोटो येतो, पण तो परत करायचा.

बाहेरच्या पिशवीनं पार्सल बंद असतं, त्यामुळं खोक्याला टेपची एकच पट्टी बास, आणि तिचं एक टोक बोटभर दुमडून ठेवायचं म्हणजे धरून ओढता येतं. आतल्या कागदावरच्या स्टिकरचंही तसंच. कागदी स्टिकर पूर्ण दाबून चिकटवला की काढताना कागद फाटतो आणि सगळं विस्कटतं, म्हणून स्टिकरचा एक कोपरा मोकळा ठेवायचा. बारीक गोष्ट आहे, पण कागद न फाटता दोन्हीकडं उलगडला की मधे चप्पल छान मांडून ठेवल्यासारखी दिसते.

कागदाचा रंग

या एका गोष्टीवर मी सगळ्यात जास्त डोकं घातलंय. आपली चप्पल नैसर्गिक चामड्याच्या रंगाची, म्हणजे तांबूस-पिवळी. खोकं तपकिरी, आत कागद तपकिरी, सगळं "नैसर्गिक" दिसावं म्हणून आजकाल असंच करतात. मोबाईलमध्ये फोटो काढून बघा, चप्पल त्यात हरवून जाते. बरं मग पांढराशुभ्र कागद लावला तर दुसरंच होतं, मोबाईलचा कॅमेरा पांढऱ्याला बघून सगळा फोटो अंधारा करतो आणि चामडं काळपट येतं, वेणीची वीण दिसत नाही.

मधला रंग पाहिजे. आमच्याकडं गडद हिरवा सगळ्यात बरा ठरला, लाल गोंडा असलेल्या चपलेला तर लयच उठाव येतो. काळ्या चपलेला मात्र तो चालत नाही, तिला बदामी कागद. म्हणजे दोन रंग ठेवायचे, बास.

पण रंगीत कागद घेण्याआधी ही परीक्षा करा, पांढरं फडकं ओलं करून कागदावर दोन मिनिटं दाबून ठेवा. फडक्याला रंग लागला तर तो कागद घेऊ नका, पावसाळ्यात त्याचा रंग चामड्यावर उतरणारच. वर्तमानपत्र तर कधीच नको, शाई फिक्या चामड्यावर उठते, उलटी अक्षरं वाचता येतील इतकी.

तेलाचंही बघा. पाठवायच्या आदल्या दिवशी तेल पाजलेली चप्पल कागदाला आणि खोक्याला डाग पाडते, गिऱ्हाईकाला वाटतं जुनी वापरलेली पाठवली. तेल लावायचं तर निदान दोन दिवस आधी, आणि भरताना कोरड्या फडक्यानं पुसून. चकचकीत लॅमिनेशन सोडलं त्याचं कारणही फोटोच, लोक पार्सल संध्याकाळी कामावरनं आल्यावर उघडतात, वर ट्यूबलाईट असते आणि फोटोत तिचीच पट्टी चमकते.

मोबाईल निघतो ती जागा

आमच्या खोक्यात ती जागा झाकणाच्या आत आहे. झाकण उघडून मागं उभं राहिलं की त्यावर एक ओळ दिसते आणि खाली चप्पल, दोन्ही एका उभ्या फोटोत मावतात. स्टेटस आणि स्टोरीला उभाच फोटो लागतो, म्हणून ओळ झाकणाच्या मधल्या भागातच ठेवायची, कडेपर्यंत पसरवली की कापली जाते.

इथं छपाईवाले एक चूक हमखास करतात. बंद खोक्यावरच्या अक्षरांचं डोकं बिजागरीकडं असतं. आतल्या बाजूला ते उलट पाहिजे, अक्षरांचं डोकं झाकणाच्या मोकळ्या कडेकडं, कारण झाकण उभं राहिल्यावर ती कडच वर येते. संगणकावर सगळं सपाट दिसतं, डिझाईनवाला दोन्हीकडं एकाच दिशेनं लिहितो आणि हजार खोकी उलट्या ओळीची येतात. कोऱ्या पुठ्ठ्याची डमी करा, पेननं लिहा, उघडून बघा, मगच होकार द्या. छापायचं नसेल तर तीच ओळ वेगळ्या कागदावर काढून झाकणाला आतनं चिकटवली तरी चालते, आम्ही बरेच दिवस तेच केलं.

आता ओळ कुठली? "जगात भारी कोल्हापुरी" लिहू नका. वाईट आहे म्हणून नाही, अख्ख्या गावानं ते टी-शर्टापासनं रिक्षापर्यंत लिहून झालंय. आणि दुकानाचं नाव तर मोठं लिहूच नका. माणूस स्टेटस टाकतो ते स्वतःबद्दल काहीतरी सांगायला, तुमची जाहिरात करायला नाही. वहिनीनं लिहिलेली ओळ होती, "पहिले चार दिवस चावंल. मग तुम्हाला सोडणार नाही." ही चालली, कारण कोल्हापुरी घातलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातला अंगठा आठवतो आणि ती ओळ बघून मित्र खाली काहीतरी बोलतोच. शिवाय चप्पल चावते हे आपणच आधी सांगून टाकलं की तक्रार निम्मी तिथंच मिटते.

दुकानाचं इन्स्टाचं नाव खाली बारीक, पण स्पष्ट अक्षरात. वळणदार अक्षरात लिहिलं की लोक टाईप करताना चुकतात आणि टॅग भलत्यालाच जातो.

कार्ड एकच

थँक्यू कार्ड, सूचना कार्ड, सवलतीचं कार्ड अशी चवड देऊ नका. एक कार्ड, पोस्टकार्डाएवढं. पुढच्या बाजूला ही जोडी कुणी शिवली ते हातानं लिहायचं, कारागिराचं नाव आणि गाव, अर्थात त्यांना विचारून. छापलेलं नाव आणि पेनानं लिहिलेलं नाव यात लोक फरक करतात, लिहिलेल्याचा फोटो काढतात. जून 2025 मध्ये प्राडाच्या मिलानच्या शोमध्ये आपल्यासारख्याच चपला आल्या आणि एवढा गाजावाजा झाला, तेव्हापासनं "ही कुणी बनवली" हा प्रश्न गिऱ्हाईक स्वतःच विचारायला लागलंय.

कोल्हापुरी चप्पलला 2019 साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात आहेत. हे कार्डावर लिहायला हरकत नाही, पण जीआयचं चिन्ह छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर चिन्ह नको.

मागच्या बाजूला काळजीच्या तीन ओळी, म्हणजे पाण्यात घालू नका, भिजली तर सावलीत वाळवा, महिन्यातनं एकदा तेलाचा हात. आणि एक क्यूआर. तो निदान 2 सेंटीमीटरचा, घडीवर येणार नाही असा, आणि ट्यूबलाईटखाली स्वतःच्या मोबाईलनं तपासलेला. आमचा क्यूआर वेबसाईटवर नेत नाही, व्हॉट्सअ‍ॅप उघडतो आणि त्यात मेसेज आधीच टाईप झालेला असतो. लिंक अशी:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=चप्पल%20आली,%20फोटो%20पाठवतोय
```

नंबर देशाच्या 91 सकट, मधे अधिकचं चिन्ह किंवा शून्य नाही. %20 म्हणजे रिकामी जागा. काही क्यूआर बनवणाऱ्या अ‍ॅपमध्ये देवनागरी गडबडते, म्हणून छापायच्या आधी दोन वेगळ्या मोबाईलवर उघडून बघा.

फोटो मागायचा कसा

"कृपया फोटो टाकून आम्हाला टॅग करा" याला आजवर कुणी भीक घातलेली मी तरी बघितली नाही. चप्पलमध्ये मात्र फोटो मागायला एक खरं कारण आहे, माप. डिलिव्हरी झाल्याचा मेसेज आला की त्याच संध्याकाळी सात-आठच्या सुमारास वहिनी लिहिते, "ताई, चप्पल पोचली का? घालून वरनं एक आणि बाजूनं एक फोटो पाठवा, माप बरोबर बसलंय का सांगते." लोक लगेच पाठवतात, कारण त्यांनाच शंका असते. टाच मागं काठाशी आली पाहिजे, बाहेर लोंबता कामा नये, पट्टा पहिल्यांदा घट्टच पाहिजे कारण चामडं सैलावतं, हे फोटोवरनं सांगता येतं. चुकीचं माप तिथंच सापडतं आणि बदलून देता येतं.

माप बरोबर असलं की पुढचं वाक्य, "एकदम मापात बसलीय, फोटो पण भारी आलाय. आमच्या पेजवर लावू का, नाव टाकून का बिननावाचा?" हो म्हणाले तरच लावायचा, आणि तो मेसेज जपून ठेवायचा. गंमत म्हणजे फोटो हाताशी तयार असल्यामुळं बरेच जण तोच स्वतःच्या स्टेटसलाही टाकतात, आपण न सांगता.

"फोटो टाका, 100 रुपये सूट" असलं करू नका. एक तर सवलत घेऊन केलेली पोस्ट ही जाहिरात धरली जाते आणि तसं त्या पोस्टवर लिहावं लागतं, 2021 पासनं जाहिरात क्षेत्रातल्या एएससीआयचे तसे नियम आहेत. दुसरं, असले फोटो कळतात. खोकं कसंबसं उघडलेलं, अंधारात काढलेला, खाली कोड मागितलेला.

छापण्याआधी पाच पार्सलं पाठवा

पार्सल भरून कमरेएवढ्या उंचीवरनं कोपऱ्यावर, कडेवर, सपाट असं पाच-सहा वेळा टाका. उघडल्यावर चप्पल सरकलेली आणि कागद गोळा झालेला असेल तर खोकं मोठं आहे. चुरा घालून भरू नका, खोकं बारीक करा.

मग पुण्या-मुंबईच्या पाच नातेवाईकांना खऱ्या कुरिअरनं पाठवा आणि एवढंच सांगा, उघडताना घरातल्या कुणाला तरी व्हिडिओ काढायला लावा. कसं उघडायचं ते सांगायचं नाही. आमच्या मावशीनं खोकं उलटं धरून खालच्या बाजूनं उघडलं, सगळी चप्पल मांडीवर, झाकणावरची ओळ बघितलीच नाही! कारण शिक्का आम्ही वर मारला होता पण टेप खाली होती, आणि माणूस टेप दिसेल तिथनं उघडतो. तेव्हापासनं टेप, शिक्का आणि उघडायची बाजू एकच. व्हिडिओत एवढंच बघा, कुठं अडलं, सुरी कधी आणली, आणि न सांगता कुठं थांबून हसले किंवा वाचलं. जिथं थांबले ती तुमची जागा, भले तुम्ही दुसरीकडं ठरवली असली तरी.

पावसाळा

जून ते सप्टेंबर वेगळं पॅकिंग लागतं, कोल्हापुरात राहणाऱ्याला हे सांगायला नको. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं चामडं ओल धरतं, आणि आतनं प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलं की चार-पाच दिवसांत पांढरी बुरशी. म्हणून प्लास्टिक फक्त बाहेर, आत कागद किंवा सुती पिशवी, सोबत सिलिका जेलच्या 5 ग्रॅमच्या दोन पुड्या, एक-एक चपलेखाली, वर दिसतील अशा नाहीत. पुड्या उघड्या डब्यात ठेवल्या तर आपल्याच घरातली ओल पिऊन बसतात आणि खोक्यात काही काम करत नाहीत, त्या बंद बरणीत ठेवा. भरण्याआधी चप्पल एक दिवस पंख्याखाली. दाबून बघितल्यावर गार लागली तर अजून ओली आहे, त्या दिवशी पाठवू नका, गिऱ्हाईकाला फोन करून एक दिवस मागून घ्या.

फायदा झाला का ते कळणार कसं

इथं अडचण आहे. इन्स्टावरचे टॅग मोजता येतात, पण आपल्याकडं खरा प्रसार व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला होतो, ते 24 तासांत गायब होतं आणि दोघांनी एकमेकांचे नंबर सेव्ह केलेले नसतील तर आपल्याला दिसतही नाही. म्हणून नवीन ऑर्डर आली की वहिनी एकच प्रश्न विचारते, "कुठं बघितली आमची चप्पल?" आणि वहीत तीन रकाने आहेत, कुणाच्या तरी स्टेटसला, कुणाच्या पायात, आणि बाकी. पॅकिंगमध्ये काही बदललं की त्या तारखेला वहीत रेघ मारायची आणि निदान पन्नास पार्सलं जाईपर्यंत दुसरं काही बदलायचं नाही. कागदाचा रंग आणि ओळ एकदम बदलली तर कशानं काय झालं ते कळत नाही, आणि गणपती-दिवाळीच्या आठवड्यांची तुलना साध्या आठवड्याशी करू नका, तेव्हा लोक तसेही फोटो काढतातच.

आमच्या वहीत "कुणाच्या पायात" हा रकाना स्टेटसच्या रकान्यापेक्षा लांब आहे अजून. त्यामुळं सध्या खोक्याला हात लावलेला नाही, शिवणाऱ्या काकांना तेवढं सांगून आलोय की कानाची शिवण अजून जरा आत घ्या, फोटोत दोरा दिसतो.